लेकीचा पहिला खेळ: खामगावच्या बाजारात कळलेल्या पाच गोष्टी

सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीआधीच्या आठवड्यात खामगावच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. खेळण्यांच्या दुकानात काउंटरपर्यंत पोचायलाच वेळ जातो, आणि पोचल्यावर दुकानदाराकडे आपल्यासाठी जेमतेम दोन मिनिटं असतात. मागच्या दिवाळीत मी त्याच गर्दीत उभा होतो. लेकीला सहावं लागलं होतं. बाहुल्या आणि ठोकळे खेळून झाले होते. आता तिला नियम असलेला, समोरासमोर बसून खेळायचा पहिला खेळ घ्यायचा होता. त्या खरेदीत आणि नंतर घरी खेळताना जे कळलं, ते इथे मांडतो.

१. खोक्यावरचं वय म्हणजे लेकराची समज नव्हे

खोक्यावर ‘३+’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा घशाचा विचार करून. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. लुडोची सोंगटी आणि फासा दोन्ही त्या नळीत आरामात बसतात. आमच्या घरी धाकटा दोन वर्षांचा आहे, म्हणून खेळ संपला की खोका वरच्या फळीवर, हे आधीच ठरवलं होतं. सुट्या लोहचुंबकांचे खेळ मात्र मी हातातच घेतले नाहीत. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी चिमटते. तिथे ऑपरेशनची वेळ येते.

समज पाहायची तर ती घरीच पाहून निघावं. मी लेकीपुढे भुईमुगाच्या शेंगा ठेवून सहा मोजायला लावल्या. एकेका शेंगेला बोट लावत तिने बरोबर मोजल्या. फाशावरचे तीनपर्यंतचे ठिपके ती न मोजता सांगायची, चार-पाच-सहाला बोट लागायचं. आकडे विसापर्यंत पक्के होते, पुढे चाचपडत होती. वाचन अजून अक्षर जोडण्यापुरतं होतं. एवढ्यावरूनच ‘व्यापार’ बाद झाला, कारण त्यात गावांची नावं वाचावी लागतात, नोटा मोडून द्याव्या लागतात आणि डाव लवकर संपत नाही.

२. दुकानदाराला खेळणारे सांगा

माझा नंबर लागला तेव्हा पहिला प्रश्न आला, “पोरगं आहे का पोरगी?”

“पोरगी.”

लगेच गुलाबी भातुकलीचा संच समोर. तो बाजूला सारून मी म्हणालो, “भाऊ, बाप-लेकीनं बसून खेळायचं पाहिजे. फासा टाकायचा आणि अर्ध्या तासाच्या आत संपलं पाहिजे.”

“असं सांगा ना मंग,” म्हणत त्याने एका बाजूला लुडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी असलेला पाट काढला. सोबत लहान बुद्धिबळही ठेवलं. किती जण खेळणार, किती वेळ खेळणार आणि मोठं माणूस सोबत बसणार का, हे सांगितलं की गर्दीतही दुकानदाराला नेमकं काढता येतं.

माझ्या शेजारचे एक गृहस्थ बुद्धिबळ घेत होते. “आपल्या नागपूरच्या दिव्यासारखी झाली पाहिजे पोरगी,” म्हणाले. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर विदर्भातल्या बापांचा हात बुद्धिबळाकडे जाणं साहजिक आहे. मी मात्र पहिला खेळ म्हणून तो घेतला नाही. सहा प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली पाठ व्हायलाच काही आठवडे जातात, आणि तोवर बाप एकतर दर डावाला जिंकतो किंवा मुद्दाम हरतो. मुद्दाम हरलेलं लेकरांना कळतं. सापशिडीत डोकं चालवायची सोयच नाही, त्यामुळे बापाची आणि लेकीची संधी अगदी सारखी. ती जिंकली तर खरीच जिंकलेली असते, आणि हरली तरी तिचं काही चुकलेलं नसतं. हरणं पचवायला शिकण्याची सुरुवात इथूनच करावी. बुद्धिबळ सात-आठव्या वर्षीही आणता येतं.

३. लुडोचा सहा आणि सापशिडीचा शंभर यांचा हिशेब करा

दोन बाजूंच्या पाटावर लुडो फुकटात मिळतो, मग सुरुवात लुडोनेच का करू नये? अडचण सहाची आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. एकदा फासा टाकल्यावर सहा न पडण्याची शक्यता सहापैकी पाच. हाच गुणाकार सहा वेळा केला की सुमारे एक-तृतीयांश येतो. म्हणजे तीन डावांपैकी एका डावात लेकरू सहा वेळा फासा टाकून झाल्यावरही एक घर चाललेलं नसतं. चौघे खेळत असतील तर मधली वाट आणखी लांबते. पाच-सहा वर्षांचं मूल तेवढ्या वेळात उठून जातं. तोंड फुगवून बसलं तरी ते रडकं आहे असं समजू नये, नियमच त्याच्यासाठी जड आहे. आम्ही नंतर लुडो काढला तेव्हा प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवली. दुसरी बाहेर आली की ‘कोणती चालवू?’ हा प्रश्न पडतो. तो तिचा पहिला खरा निर्णय.

सापशिडीतही असा एक अडथळा शेवटी असतो. शंभरावर नेमकं पोचायचं असा नियम धरला, तर ९९ वर असलेल्याला एकच हवा असतो आणि त्यासाठी सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो. खेळ तिथे रेंगाळतो. आमच्याकडे शंभरी गाठली किंवा ओलांडली की डाव संपतो. हे डावाआधी सांगायचं, मध्येच नियम बदलायचा नाही.

४. खोका दुकानातच उघडा आणि पाट डोळ्यांखालून घाला

“उघडून दाखवा” म्हणायला गर्दीत संकोच वाटतो, पण खोक्यावरचं चित्र आणि आतला पाट यांत बरंच अंतर असतं. मी पाहिलेल्या पहिल्या पाटावर रंगीत सापांच्या अंगाखाली निम्मे आकडे झाकलेले होते. एका सापाचं शेपूट दोन घरांच्या बरोबर रेषेवर टेकलेलं, म्हणजे घसरून नक्की कुठे यायचं यावर दर डावात वाद. घडीची चीर मधल्या घरांतून जात होती, तिथे सोंगटी उभी राहत नव्हती.

दुसरा पाट थोडा महाग होता, चित्रं साधीच, पण प्रत्येक आकडा घराच्या कोपऱ्यात ठळक छापलेला. सापाचं तोंड आणि शेपूट, शिडीचा पाय आणि टोक एकेका घरातच होतं. मी तो घेतला. फासाही पाहिला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी: एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तीनासमोर चार. स्वस्तातल्या संचात एखादा आकडा दोनदा छापलेला असू शकतो, म्हणून फासा सगळ्या बाजूंनी फिरवून घ्यावा. शेवटी आयएसआय खूण पाहावी. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे.

५. ‘एक, दोन, तीन’ म्हणू नका, घराचा आकडा बोला

सगळ्यात कामाची गोष्ट दुकानात मिळत नाही. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना एका ओळीत एक ते दहा आकडे असलेला पट दिला, काहींना तसाच पण नुसत्या रंगांचा. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकींत आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली, रंगांच्या पटावर खेळलेल्यांची वाढली नाही. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी शंभरपर्यंतच्या पटावर आणखी एक फरक दाखवला. दर चालीला एकपासून मोजणाऱ्या मुलांपेक्षा, ज्या घरात सोंगटी आहे तिथून पुढचे आकडे म्हणत जाणारी मुलं जास्त शिकली.

आमच्या पाटावर हे असं चालतं. लेकीची सोंगटी २७ वर आहे आणि फाशावर चार पडले. ती ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणाली तर तिला नवं काही मिळालं नाही. ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस’ म्हणत एकेका घराला टेकत गेली, तर प्रत्येक घरावर आकडा दिसतो, तोंडाने म्हटला जातो आणि हाताने मोजला जातो. एकोणतीसला ती हमखास अडायची, कारण डोळ्यांना दोन दिसतो आणि तोंडात तीस येतं. याच अडचणीसाठी २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं आणि राज्यभर वाद झाला. मी दोन्ही वापरलं. ती अडली की ‘वीस नऊ, म्हणजे एकोणतीस’ असं म्हणायचं, आणि पुढे ती स्वतःच नुसतं एकोणतीस म्हणू लागली.

दुसरी अडचण वळणाची. सापशिडीत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा सुलटी. म्हणून ३० च्या डोक्यावरच ३१ असतो. वहीत लिहायला शिकलेलं लेकरू ओळ संपली की डाव्या टोकाला उडी मारतं. तिला चुकलीस म्हणण्यापेक्षा ‘तीसनंतर काय?’ एवढंच विचारावं. ती आकडा शोधते आणि सोंगटी आपोआप वर जाते.

लेकरू पाच-सहा वर्षांचं असेल तर माझं मत साधं आहे: पहिला खेळ सापशिडीच घ्या, आकडे ठळक दिसणारी. दुकानात कितीही गर्दी असली तरी खोका उघडायला लावा. आणि घरी गेल्यावर ‘जा, खेळा’ म्हणून तो पोरांच्या हाती देऊ नका. पहिले काही डाव समोर मांडी घालून बसा आणि आकडे मोठ्याने म्हणा.