जिममध्ये गर्दी असताना व्यायामाचा क्रम कसा बदलावा?



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीत कामावरून सुटून लोकलने परतलेली मंडळी संध्याकाळी एकाच सुमारास जिममध्ये पोहोचतात. बेंच मोजकेच असतात आणि त्यांवर आधीच कोणीतरी असते. अशा वेळी काहीजण मोबाईल बघत थांबतात, तर काहीजण जे मशीन रिकामे दिसेल त्यावर बसतात. हातात तासभरच असेल, तर दोन्हींत नुकसान आहे. क्रम बदलायला हरकत नाही, पण काय आधी घ्यायचे हे ठरवण्याचा एक साधा नियम आहे. तो आपण या लेखात समजून घेऊ.

ज्या व्यायामात अनेक सांधे आणि मोठे स्नायू एकत्र काम करतात, तो शरीर ताजे असताना आधी करावा आणि एकाच लहान स्नायूचा व्यायाम नंतर, असा सर्वसाधारण क्रम मानला जातो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शनातही हाच क्रम सांगितला आहे. कारण सोपे आहे. दंडाचा मागचा स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स, आधीच थकला तर छातीत ताकद असूनही बेंच प्रेसचा बार वर जात नाही. म्हणून क्रम बदलताना एकच प्रश्न विचारावा: आता जे करणार आहोत, त्याने पुढच्या मुख्य व्यायामाचे स्नायू थकतील का?

एक उदाहरण घेऊ. आजच्या दिवशी बेंच प्रेसचे ४ सेट, मग शोल्डर प्रेस, बसून रोइंग, लॅट पुलडाउन आणि शेवटी ट्रायसेप्स, असे ठरले आहे. बेंचवर दोघेजण आहेत. आधी विचारावे, "दादा, किती सेट राहिलेत?" एखादाच राहिला असेल तर थांबावे आणि तेवढ्यात खांदे मोकळे करावेत. वजन जवळपास सारखे असेल तर "मधल्या वेळात मी एक सेट मारू का?" असेही विचारावे. एकाच्या विश्रांतीत दुसऱ्याचा सेट होतो. पण दोघांचे मिळून पाच सेट उरले असतील तर बारा-पंधरा मिनिटे सहज जातील. तेव्हा दुसरीकडे वळावे.

वळायचे कुठे? ट्रायसेप्सचे मशीन रिकामे असले तरी तिथे नाही आणि शोल्डर प्रेसकडेही नाही. ते दोन्ही ढकलण्याचे व्यायाम आहेत. बेंच प्रेसला लागणारे स्नायू त्यात थकतात. ओढण्याचे व्यायाम, म्हणजे रोइंग आणि लॅट पुलडाउन, आधी उरकावेत. त्यात मुख्यतः पाठ आणि दंडाचा पुढचा स्नायू काम करतो. छाती बऱ्यापैकी ताजी राहते.

त्यानंतर बेंच मिळाला की अंग गरम आहे म्हणून थेट पूर्ण वजन लावू नये. छाती आणि खांद्याने ती हालचाल अजून केलेली नाही. नेहमीचे वजन ५० किलो असेल तर रिकाम्या बारवर दहा वेळा, मग ३५ किलोवर पाच वेळा करून पुढे जावे. नेहमी आठ वेळा उचलता आणि आज सहालाच अडलात, तर ताकद कमी झाली असे समजू नये. पुढच्या सेटला थोडे वजन उतरवावे. वहीत "आज रोइंगनंतर" अशी नोंद ठेवावी. नाहीतर पुढच्या आठवड्यात चुकीची तुलना होते.

शेवटपर्यंत बेंच मिळालाच नाही, तर हालचाल तीच ठेवून साधन बदलावे. मोकळ्या बाकावर डंबेल प्रेस घ्यावा. इथे ५० किलोचे दोन भाग करून २५-२५ उचलायला जाऊ नये. प्रत्येक हाताला वेगळा तोल सांभाळावा लागतो. दोन्ही डंबेल मिळून बारच्या पाऊणपट, म्हणजे साधारण १९ किलोच्या आसपासच्या जोडीने सुरुवात करावी. बाकही नसेल तर जमिनीवर जोर काढावेत.

पायांच्या दिवशीही हाच प्रश्न विचारावा. स्क्वॉटचा रॅक अडला म्हणून आधी जड डेडलिफ्ट केली, तर कंबर थकते आणि नंतर बार खांद्यावर असताना पाठ वाकू लागते. त्यापेक्षा छातीशी डंबेल धरून बैठका माराव्यात.

दोन गोष्टी मात्र गर्दीतही बदलू नयेत. वेळ भरून काढण्यासाठी जड सेटमधली दोन-तीन मिनिटांची विश्रांती कापू नये. आणि थकल्यावर बेंच प्रेस करताना डोक्याशी कोणीतरी उभे असावे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जड वजनाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.