तीस बॅटऱ्या नव्हे, एकशे ऐंशी सेल

यूपीएसची बॅटरी रूम पाहायला गेलो की मी आधी व्हेंटिलेशनच्या हिशोबाचा कागद मागतो आणि त्यात सेलची संख्या किती धरली आहे ते बघतो. ही सवय एका ऑफिसातल्या कामाने लावली. तिथे सीलबंद एसएमएफ बॅटऱ्या काढून १२ व्होल्ट, १५० एएचच्या ३० ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. खोली तीच, जाळ्याही त्याच. बूस्ट चार्जिंग चालू असताना गॅस मीटर छताशी नेला, तर १ टक्का हायड्रोजनचा अलार्म वाजला. वास मात्र कुणालाच आला नव्हता, आणि येणारही नाही. नाकाला झोंबते ती ॲसिडची वाफ. हायड्रोजनला वास नसतो.

कागदावरचं सूत्र बरोबर होतं. आयईसी ६२४८५-२ प्रमाणे दर तासाला लागणारी हवा घनमीटरमध्ये अशी काढतात: ०.०५ × सेल × दर एएचमागे गॅस निर्माण करणारा प्रवाह (मिलिअँपिअर) × एएच ÷ १०००. हायड्रोजन ४ टक्क्यांना पेटू शकतो. त्याच्या पाचपट खाली राहण्याची तजवीज त्या ०.०५ मध्येच आहे. घोळ आकड्यांत होता. सेलच्या जागी ३० लिहिले होते. १२ व्होल्टच्या डब्यात सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात, तोच प्रवाह सहाही सेलमधून जातो आणि प्रत्येक सेल गॅस सोडतो. म्हणजे १८०. शिवाय बूस्टचा प्रवाह जुन्या सीलबंद बॅटऱ्यांचा, ८ धरला होता. पाणी घालायच्या प्रकाराला २० धरावा लागतो. कागदावर तासाला १.८ घनमीटर निघत होते, खरी गरज २७ ची.

नैसर्गिक वायुवीजनासाठी या आकड्याला २८ ने गुणलं की झरोक्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं: ७५६. तेवढाच झरोका खाली, हवा आत यायला, आणि तेवढाच समोरच्या भिंतीत छतालगत. हे मोकळं क्षेत्रफळ आहे. ३० बाय ३० सेंटिमीटरची जाळी ९०० वाटते, पण पट्ट्यांनी निम्मी जागा खाल्ली तर उरतात ४५०. आणि ‘एसी आहे ना’ हे उत्तर मी ऐकूनच घेत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो.

तिथे शेवटी छताशी एक्झॉस्ट बसवला. पण पंख्यावर भिस्त ठेवली की तो थांबल्यावर काय, हे बघावं लागतं. ती खोली ३६ घनमीटरची. बूस्टवर या हिशोबाने तासाला सुमारे ०.२३ घनमीटर हायड्रोजन धरायचा. म्हणजे हवा कोंडली तर दीड-पावणेदोन तासांत सरासरी १ टक्का, छताशी त्याआधीच. म्हणून हवेचा प्रवाह थांबला की चार्जर आपोआप फ्लोटवर उतरावा असा इंटरलॉक हवा, आणि त्याचा सेन्सर डक्टमधल्या हवेवर असावा. पंख्याचा कॉन्टॅक्टर ओढलेला असतानाही पातं फिरत नसल्याचं मी पाहिलेलं आहे. तपासताना डक्टचं तोंड पुठ्ठ्याने झाका आणि चार्जरचा व्होल्टेज उतरतो का ते बघा. झरोक्यातून हवा येते का हे पाहायला कागदाची पातळ पट्टी धरा. उदबत्ती लावून बघणारे लोक भेटतात, त्यांना दाराबाहेरच थांबवा.