रात्री मोजा, पाने मोजा

आम्ही नवराबायको आणि आत्या गुरुवारी दुपारी गुहागरला गेलो. समुद्राजवळ घर भाड्याने घेतले होते. दादा-वहिनी शनिवारी संध्याकाळी आली. सोमवारी सकाळी सगळे निघालो. भाडे एका रात्रीचे 2400 रुपये. चार रात्रींचे 9600 झाले. ते आम्ही दिले. किराणा, भाजी, दूध आत्याने आणले, 4350 रुपयांचे.

निघताना हिशेब काढला. आम्ही म्हणालो, "माणसे पाच, सारखे पाच भाग करू." वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "भावोजी, आम्ही दोनच रात्री राहिलो ना?"

तिचे खरे होते. पाच भाग केले तर भाड्याचे माणशी 1920 पडतात. म्हणजे चार रात्री राहिलेली आत्या आणि दोन रात्री राहिलेली वहिनी, दोघींना सारखाच भार!

मग आम्ही रात्री मोजल्या. एक माणूस एक रात्र राहिला की एक रेघ ओढायची. आमच्या दोघांच्या आठ रेघा, आत्याच्या चार, दादा-वहिनीच्या चार. एकूण सोळा. 9600 ला 16 ने भागले, एका रेघेला 600 आले. आमचे 4800, आत्याचे 2400, दादा-वहिनीचे 2400.

दादा म्हणाला, "रोजचे भाडे त्या रात्रीच्या माणसांत वाटले तर?" तसेही करतात. पहिल्या दोन रात्री तिघेच होतो, म्हणून माणशी 800. पुढे पाच झालो, माणशी 480. दादा-वहिनीचे मग 1920च होतात. पण घर मोठे घेतले ते पाचजण येणार म्हणून. तिघांना लहान घर पुरले असते. रिकाम्या खोलीचे पैसे आत्याने का भरावे? दादाला हे पटले. घर आधीच तिघांसाठी घेतलेले असते, तर दादाची रीत बरी.

किराण्याला मात्र रात्री चालत नाहीत. तिथे पाने मोजावी. गुरुवारच्या रात्रीपासून रविवारच्या रात्रीपर्यंत आम्ही सात वेळा जेवलो. तिघांची 21 पाने. दादा-वहिनी तीन वेळा जेवली, त्यांची 6. एकूण 27. चहा-नाश्ता वेगळा मोजत बसलो नाही. तेवढी कटकट कोण करतो!

उरलेले तांदूळ आणि तेल आम्ही घरी नेणार होतो. त्याचे 300 रुपये आधी आमच्या नावावर लिहिले. हे पुष्कळजण विसरतात. राहिले 4050. भागिले 27, एका पानाला 150. आमची 14 पाने 2100 ची, वरचे 300, मिळून 2400. आत्याचे 1050. दादा-वहिनीचे 900. बेरीज 4350. जुळली.

आता कोणी किती द्यायचे? आमचा वाटा 4800 आणि 2400, म्हणजे 7200. दिले होते 9600. येणे 2400. आत्याचा वाटा 3450, तिने दिले होते 4350. तिचे येणे 900. दादा-वहिनीचा वाटा 3300, त्यांनी काहीच दिले नव्हते. दादाने आम्हांला 2400 आणि आत्याला 900 दिले. आत्याने नोटा दोनदा मोजल्या आणि बटव्यात ठेवल्या.