स्क्रॅचच्या खेळात पावसाळा आणताना



आमच्या पाचवीच्या मुलांनी स्क्रॅचवर शेतीचा एक खेळ केला. शेतकरी बाणांच्या कळांनी चालवायचा, पेरणी करायची, पीक जगवायचं. पहिल्या प्रयत्नात उन्हाळ्याचं चित्र ठेवलं आणि 20 सेकंदांनी `switch backdrop` ठोकळ्याने पावसाळ्याचं आणलं. नाटकातला पडदा बदलावा तसं दिसलं ते! पण खरी तक्रार एका मुलीने आणली. "मॅडम, पाऊस थांबला तरी माझा शेतकरी हळूच चालतोय. मग मी हरणारच ना?"

तिचं बरोबर होतं. चित्राला एक वेळ लावलेली, थेंबांना दुसरी, चिखलाला तिसरी. तिन्हींचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

मग आम्ही 'पाऊस' नावाचा एकच व्हेरिएबल केला, 0 ते 100 असा, सर्व स्प्राइट्सना दिसणारा. दुसरा 'लक्ष्य'. ऋतूने फक्त लक्ष्य बदलायचं: उन्हाळ्यात 0, पावसाळ्यात दर 8 सेकंदांनी 20 ते 100 मधला कुठलाही आकडा (म्हणजे मध्ये पावसाचा जोर कमीही होतो). पाऊस त्या लक्ष्याकडे चालत जातो. आभाळासाठी अख्ख्या स्टेजएवढा राखाडी स्प्राइट मागे ठेवला आणि त्यात हे लिहिलं:

```
forever
  change पाऊस by ((लक्ष्य - पाऊस) * 0.05)
  set ghost effect to (100 - (पाऊस * 0.5))
end
```

पाचवीच्या मुलांना 0.05 सांगून उपयोग नाही. मी म्हटलं, "उरलेल्या अंतराचा विसावा भाग चाला." लक्ष्य 100, पाऊस 0. पहिलं पाऊल 5 चं. आता उरले 95, म्हणून दुसरं पाऊल 4.75 चं. पावलं लहान होत जातात, म्हणून आभाळ आधी भराभर भरून येतं आणि शेवटी अलगद स्थिरावतं. स्क्रॅच हे चक्र सेकंदाला साधारण 30 वेळा फिरवतो, त्यामुळे 3 सेकंदांत पाऊस 99 च्या आसपास पोहोचतो. गणित आणि `ghost` एकाच चक्रात ठेवा. नुसत्या गणिताचं चक्र स्क्रॅच कितीतरी जास्त वेगाने फिरवू शकतो, आणि मग बदल पुन्हा झटक्यात होतो.

इथे एक चूक हमखास होते. मुलं `if पाऊस = 100` अशी अट घालतात आणि बेडूक काही ओरडत नाही. 8 सेकंदांनीसुद्धा आकडा 99.999 च्या घरातच असतो! `पाऊस > 99` लिहायचं.

थेंबांसाठी प्रत्येक फेरीत 1 ते 100 मधला एक आकडा काढला. तो पावसापेक्षा लहान असेल तरच थेंबाचा क्लोन बनतो, त्यामुळे सर आपोआप वाढते आणि ओसरते. थेंब खाली पोहोचला की `delete this clone` हवंच. स्क्रॅच 300 पेक्षा जास्त क्लोन बनवत नाही आणि तसं सांगतही नाही. आमचा मुसळधार पाऊस साधारण 10 सेकंदांनी गुपचूप बंद पडायचा आणि थेंब तळाशी साचलेले दिसायचे. असं दिसलं की हेच कारण समजा.

शेतकऱ्याचा वेगही पावसाला जोडला. तक्रार मिटली असं मला वाटलं. पण तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या शेतात पाऊस थांबला की चिखल लगेच जात नाही."

आता काय! आधीची तिची तक्रार याच्या अगदी उलट होती की. विचार केल्यावर लक्षात आलं, दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या वेळी चिखल राहिला ही अडचण नव्हती, तो तिला दिसत नव्हता ही होती. म्हणून 'ओल' हा तिसरा व्हेरिएबल आला. तो पावसाच्या मागे चालतो, पण विसाव्या नाही, शंभराव्या भागाने:

```
change ओल by ((पाऊस - ओल) * 0.01)
```

लक्ष्य 0 झालं की पाऊस लगेच ओसरू लागतो, पण ओल निम्म्यावर यायला साधारण 3 सेकंद लागतात. कोरड्या जमिनीच्या चित्रावर ओल्या जमिनीचं तेवढंच चित्र ठेवून त्याचा `ghost` 100 वजा ओल केला. शेतकऱ्याचा वेग पावसावरून काढून ओलीवर नेला: `5 - (ओल * 0.03)`. पूर्ण चिखलात 2, कोरड्यात 5. पीक ओल 30 ते 80 मध्ये असतानाच वाढतं.

हिवाळ्याला 'थंडी' हा वेगळा आकडा लागतो, नियम तोच. ते काम मुलांवर सोडलं आहे.

तपासायला लक्ष्याचा आकडा स्टेजवर दाखवून त्याला स्लायडर करून घ्या. ऋतूचा ठोकळा तेवढा वेळ बाजूला काढा, नाहीतर तो तुमचा आकडा पुसतो. मुलीने स्लायडर 100 वरून 0 वर आणला. थेंब विरळ झाले, आभाळ उजळलं, जमीन मात्र काळीच होती. शेतकरी हळू चालत होता. ती जमिनीकडे बघत थांबली, रंग उतरल्यावर पुढे निघाली आणि त्या डावात पीक वाचवलं.