जपानी फळा, मराठी लाईन आणि मधले क्रियापद

पुणे जिल्ह्यातील चाकण व रांजणगाव आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे या औद्योगिक क्षेत्रांत जपानी भांडवलाच्या, तसेच जपानी ग्राहकांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्तेविषयीच्या बैठका अनेकदा पांढऱ्या फळ्यासमोर उभ्याने होतात, आणि बैठक संपताच त्या फळ्याचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र हाच काही काळ त्या बैठकीचा एकमेव लेखी पुरावा असतो. फळ्यावरील मजकूर जपानीत असतो. त्यानुसार काम करणारे लाईनवरील कामगार आणि सुपरवायझर मात्र मराठीच वाचतात. या दोहोंच्या मध्ये बसून छायाचित्रावरून मराठी सारांश करणाऱ्या व्यक्तीला येथे सारांशकार म्हटले आहे. या कामातील चुका शब्द न समजल्यामुळे फारशा होत नाहीत, त्या फळ्यावर नसलेली गोष्ट वाक्यात आल्यामुळे होतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

याचे कारण फळ्याच्या लिखाणपद्धतीत आहे. जपानी अभियंता फळ्यावर सहसा पूर्ण वाक्य लिहीत नाही. तो नामे एकापुढे एक मांडतो, त्यांच्यामध्ये बाण काढतो आणि शेवटी एखादे चिन्ह व तारीख ठेवतो. ‘साचा-दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती दुरुस्ती झाली आहे, करायचे ठरले आहे, करावी असे कोणीतरी सुचवले आहे, की करता येईल का हे पाहायचे आहे, हे त्या शब्दांतून कळत नाही. बैठकीला हजर असलेल्यांना ते ऐकून ठाऊक असते, म्हणून फळ्यावर लिहिण्याची गरजही नसते. मराठी वाक्य मात्र ‘केली’, ‘करायची आहे’, ‘करावी’ यांपैकी काहीतरी ठरवल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि सारांशकाराने निवडलेले क्रियापद वाचणाऱ्यासाठी बैठकीचा निर्णयच होऊन बसते. त्यामुळे प्रत्येक क्रियापदाला फळ्यावर आधार कोणता आहे, हे दाखवता आले पाहिजे. जेथे आधार सापडत नाही, तेथे ‘फळ्यावर अशी नोंद आहे, काम झाले की व्हायचे आहे ते कळत नाही’ असे लिहावे. असे वाक्य अपुरे दिसले तरी खरे असते.

अशा बैठकांतील नेहमीच्या धाटणीचा एक फळा नमुन्यादाखल घेऊ. विषय आहे प्लॅस्टिकच्या भागावर येणारा फ्लॅश, म्हणजे साच्याचे दोन भाग जेथे जुळतात त्या पार्टिंग लाईनच्या फटीतून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पातळ कड. वर डावीकडे ‘८/५’ आणि त्यापुढे कंसात एक अक्षर आहे. त्याखाली दोषी भागांची मोजणी आहे. तिच्या उजवीकडे कारणांचे दोन रकाने आहेत: दोष निर्माण होण्याचे कारण आणि निर्माण झालेला दोष न पकडला जाता पुढे जाण्याचे कारण. जपानी गुणवत्तापद्धतीत ही दोन कारणे नेहमी वेगळी लिहितात, आणि सारांशातही ती वेगळीच ठेवावी लागतात, कारण पहिल्यावरचा उपाय साच्यावर करायचा असतो आणि दुसऱ्यावरचा तपासणीच्या टेबलावर. अगदी उजवीकडे उपाय आहेत: आजपासून शंभर टक्के तपासणी, तपासणी टेबलावरील दिवा बदलणे, साचा-दुरुस्ती आणि दर तासाला पाच नग तपासणे. त्यांच्यापुढे अनुक्रमे वर्तुळ, वर्तुळ, त्रिकोण आणि फुली काढलेली आहे.

वाचायला बसण्याआधी छायाचित्र तपासून घ्यावे. फळ्याचे चारही कोपरे दिसत नसतील तर कापल्या गेलेल्या कडेला काही लिहिलेले नव्हते असे गृहीत धरता येत नाही, आणि जबाबदार व्यक्ती व मुदत उपायांच्या शेवटी लिहीत असल्यामुळे नेमकी उजवी कडच सर्वांत मोलाची असते. दिव्याची झळाळी पडून पांढरा झालेला पट्टाही असाच फसवा असतो. फळा पुसला गेलेला नसेल तर थोडे बाजूला सरून तिरके दुसरे छायाचित्र मागवावे. पुसला गेला असेल तर सारांशात ‘या भागातील मजकूर दिसत नाही’ असे लिहावे. अर्धवट पुसलेल्या जागी जुन्या बैठकीची अक्षरे फिकट उरलेली असतात, म्हणून एकाच पेनाचा रंग व जाडी कोठपर्यंत सारखी आहे हे पाहून आजचा मजकूर वेगळा काढावा.

मोजणीच्या जागी अनेकदा आकडा नसतो. आपण चार उभ्या रेघांवर पाचवी तिरकी मारून पाचाचा गट करतो, तर जपानात पाच रेघांनी पूर्ण होणारे एक अक्षर दर मोजणीला एकेक रेघ वाढवत लिहितात. नमुन्याच्या फळ्यावर ते अक्षर दोनदा पूर्ण आणि तिसऱ्यांदा दोनच रेघांचे असेल, तर दोषी भाग १२ आहेत. हे अक्षर एरवी ‘योग्य’ या अर्थाचे असल्याने नवखा सारांशकार तेथे दोषी भाग योग्य ठरल्याची नोंद वाचू शकतो.

तारखेचा घोळ याहून महाग पडतो. जपानी लिखाणात महिना आधी आणि दिवस नंतर येतो, त्यामुळे ‘८/५’ म्हणजे ५ ऑगस्ट. मराठी वाचक मात्र तेच आकडे ८ मे असे वाचतो. खात्री करून देते ते कंसातील अक्षर, कारण ते वाराचे असते. येथे ते मंगळवारचे आहे. २०२५ साली ५ ऑगस्टला मंगळवार होता आणि ८ मेला गुरुवार, तेव्हा शंका उरत नाही. वर्ष लिहिलेच असेल तर ते जपानी राजवटीच्या गणनेत असू शकते. २०१९ हे रेइवा राजवटीचे पहिले वर्ष असल्यामुळे फळ्यावरचा ‘७’ हा २०२५ दाखवतो, २००७ नव्हे. दिव्यापुढची ‘८/८’ ही मुदत कशीही वाचली तरी सारखीच येते, आणि केवळ तीच पडताळून पाहणाऱ्याला आपली वाचण्याची रीत बरोबर असल्याचा खोटा भरवसा मिळतो. सारांशात आकड्यांची तिरकी रेघ ठेवूच नये. ‘शुक्रवार, ८ ऑगस्टपर्यंत’ असे महिन्याचे नाव आणि वार घालून लिहावे.

आता चिन्हे, कारण क्रियापदाचा आधार बहुधा त्यांच्यातच असतो. जपानी पद्धतीत वर्तुळ म्हणजे मान्य किंवा योग्य, फुली म्हणजे अमान्य, आणि त्रिकोण म्हणजे या दोहोंमधली स्थिती: अटींसह शक्य, किंवा अजून शंका आहे. मराठी वाचकाला त्रिकोण धोक्याच्या सूचनेसारखा दिसतो आणि वर्तुळ म्हणजे लक्ष वेधण्यासाठी केलेली खूण वाटते, म्हणून मूळ छायाचित्र सारांशाला जोडले तर चिन्हांचा अर्थही सोबत द्यावा. बरोबरची खूण त्याहून अवघड आहे. जपानी शाळेत शिक्षक बरोबर उत्तराला वर्तुळ करतात आणि चुकलेल्या उत्तराला हीच खूण करतात, तर कार्यालयीन यादीत तिचा अर्थ ‘पाहून झाले’ असाही होतो. ती फळ्यावर एकटीच दिसली तर अर्थ लावू नये, विचारावे.

नमुन्यातील साचा-दुरुस्तीपुढे त्रिकोणाशिवाय ‘केन्तो’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ विचार करणे, शक्यता तपासणे. दुरुस्ती ठरल्याचे त्यातून निघत नाही. त्याच्याही पुढे घाईत लिहिलेले एक अक्षर आहे. ‘अखेर’ आणि ‘अजून नाही’ यांची जपानी अक्षरे जवळजवळ सारखी असतात. दोन आडव्या रेघांपैकी वरची लांब असेल तर ‘अखेर’, खालची लांब असेल तर ‘अजून नाही’. फळ्यावरच्या हस्ताक्षरात दोन्ही रेघा एकाच लांबीच्या होतात, आणि मग एक वाचन ऑगस्टअखेर दुरुस्ती असे होते, तर दुसरे दुरुस्तीचे अजून काही नाही असे. अक्षराच्या आधी महिन्याचा आकडा असेल तर पहिले वाचन जवळचे ठरते. आकडा नसेल तर दोन्ही शक्यता लिहून प्रश्न खुला ठेवावा, कारण महिनाअखेर साचा मशीनवरून उतरणार असे गृहीत धरून नियोजन करणारा सुपरवायझर त्या आठवड्याचे उत्पादनच वेगळे मांडतो.

तपासणीच्या निकषात एक बारकावा असतो. फळ्यावर ‘०.१ मिमी इज्यो’ असे लिहून पुढे बाद असल्याची खूण असेल, तर ०.१ मिमी ही किंमतही बाद होणाऱ्यांत धरलेली असते. तेथे ‘०.१ पेक्षा जास्त’ असे लिहिले, तर नेमका ०.१ मिमीचा फ्लॅश असलेला नग तपासनीस पास करतो आणि तो ग्राहकाकडे बाद होतो. ‘०.१ मिमी किंवा त्याहून जास्त फ्लॅश असल्यास नग बाद’ हेच वाक्य हवे, ते लांब झाले तरी हरकत नाही.

या फळ्याचा सारांश पुढीलप्रमाणे करता येईल: ‘५ ऑगस्ट २०२५ (मंगळवार) रोजीच्या बैठकीत ठरले की आजपासून प्रत्येक नगाची फ्लॅशसाठी तपासणी करायची असून ०.१ मिमी किंवा त्याहून जास्त फ्लॅश असल्यास नग बाद करायचा आहे. तपासणी टेबलावरील दिवा शुक्रवार, ८ ऑगस्टपर्यंत बदलायचा आहे. साच्याच्या दुरुस्तीवर विचार चालू आहे, दुरुस्ती ठरलेली नाही. तिच्यापुढील एक अक्षर स्पष्ट नाही, विचारणा केली आहे. दर तासाला पाचच नग तपासण्याची सूचना मान्य झाली नाही.’ शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह होतो, कारण त्यातून काही करायचे नसते. पण शंभर टक्के तपासणी जड वाटू लागली की लाईनवर हीच सूचना पुन्हा पुढे येते, आणि ती आधीच नाकारली गेली आहे हे तेव्हा माहीत असावे लागते. दोषांची संख्या आणि कारणे याखाली द्यावीत. हातात काम असलेल्या माणसाला आधी काय करायचे ते हवे असते.

जबाबदार व्यक्तीचे नाव बऱ्याचदा वर्तुळातल्या एका अक्षराने, म्हणजे आडनावाच्या पहिल्या अक्षराने दाखवतात. तानाका आणि तानाबे या दोन्ही आडनावांचे पहिले अक्षर एकच असू शकते, त्यामुळे बैठकीतील हजर व्यक्तींची यादी पाहिल्याशिवाय नाव पूर्ण करू नये.

शंका विचारताना ‘साच्याचे काय ठरले’ असे मोघम विचारले तर उत्तरही सौम्य आणि मोघम येते. छायाचित्रावर शंकेच्या जागी क्रमांक टाकून ‘क्रमांक ३: ऑगस्टअखेर, की अजून ठरलेले नाही?’ असे दोनच पर्याय दिल्यास लिहिणारा अभियंता एका अक्षरात उत्तर देऊ शकतो. उत्तर येईपर्यंत सारांश थांबवून ठेवू नये, कारण शंभर टक्के तपासणी आजच्या शिफ्टपासून सुरू व्हायची आहे. ठरलेला भाग लगेच द्यावा आणि शंकेचा भाग शंका म्हणूनच द्यावा. पुढे बैठकीचे अधिकृत इतिवृत्त, ज्याला जपानीत ‘गिजिरोकु’ म्हणतात, आले की ते सारांशाशी ओळीनुसार ताडून पाहावे, आणि फरक आढळल्यास बदललेले वाक्य तारखेसह नव्याने लिहून तपासणी टेबलाजवळ लावलेला आधीचा कागद काढून घ्यावा.