पिचकारी की पिस्तूल? – इमोजी फोनप्रमाणे का बदलतात

मार्च २०१७ मधला एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. रंगपंचमीच्या आदल्या रात्री आयफोनवरून एक मुलगा मित्राला एसएमएस करतो, "उद्या घराबाहेर पड, मग बघतोच तुला!" आणि पुढे एक इमोजी टाकतो. त्याच्या फोनवर ती हिरवी पिचकारी आहे. मित्राकडे सॅमसंगचा फोन. त्याला दिसते खरीखुरी पिस्तूल! मेसेज मित्राच्या आईने वाचला तर? गंमत केली, पण पोहोचली धमकी.

मग वाटेत चित्र बदललं कोणी? कोणीच नाही. कारण चित्र पाठवलंच जात नाही. आपण इमोजी निवडतो तेव्हा फोन फक्त एक क्रमांक पाठवतो. हे क्रमांक युनिकोड या जागतिक मानकात ठरलेले आहेत. पिस्तुलाचा क्रमांक U+1F52B. त्या क्रमांकासाठी कोणतं चित्र दाखवायचं, हे समोरचा फोन किंवा ॲप ठरवतं. 'क' हे अक्षर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये वेगळं दिसतं, तसंच हे. फरक एवढाच, की 'क' कसाही काढला तरी 'क'च राहतो. इथे मात्र अर्थच बदलतो.

ॲपलने २०१६ मध्ये पिस्तुलाऐवजी पिचकारी आणली. सॅमसंग, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट २०१८ मध्ये त्याच वाटेने गेले. मधली सुमारे दीड-दोन वर्षं एकाच क्रमांकाची दोन चित्रं चालू होती. आणि गोष्ट तिथेच संपली नाही. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, २०२४ मध्ये आपल्या संचात पुन्हा खरी पिस्तूल आणली.

जुने फोनही घोटाळा करतात. नवा इमोजी त्यांच्या संचात नसेल, तर तिथे नुसता रिकामा चौकोन दिसतो. म्हणून चौकोन दिसला, तर समोरच्याने काहीतरी पाठवलं आहे हे नक्की समजा आणि काय ते विचारा.

आता करून पाहा. घरातल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर हा इमोजी साध्या एसएमएसने पाठवा: 😁. दोन्ही फोन शेजारी ठेवून डोळे आणि दात नीट बघा. व्हॉट्सॲपवर हा प्रयोग फसू शकतो, कारण अँड्रॉइडवर ते फोनचा संच न वापरता स्वतःचीच चित्रं दाखवतं.

आणि एक सवय लावून घ्या. राग, धमकी किंवा चेष्टा यांचा अर्थ एकट्या इमोजीवर सोडू नका. त्या मुलाने "पिचकारी भरून ठेवलीय" एवढे तीन शब्द लिहिले असते, तर चित्र कोणतंही दिसलं असतं तरी मित्राची आई हसलीच असती.