पहाटेच्या पानांचं पुढे काय करायचं?

मंडईला पाहुणे आले की आमगावच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. त्याच गर्दीत जाऊबाईंनी माझी पहाटेच्या पानांची वही काढली, एका पानाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि जेवणं आटोपल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "यातून माझी सुटका कधी होणार?" हे वाक्य तर दोनदा. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या पायाची जखम रोज मी धुते. त्याच पानावर खाली लिहिलं होतं, 'जखमेच्या कडा काळ्या दिसतात, आजच गोंदियाला दाखवायचं.' त्याच दिवशी नेलंही. ते मात्र जाऊबाईंनी वाचलं नाही.

पहाटेची पानं ही ज्युलिया कॅमरून यांच्या 1992 च्या 'द आर्टिस्ट्स वे' या पुस्तकातली रीत. उठल्याबरोबर हाताने तीन पानं लिहायची, न थांबता, मनात येईल ते. कुणाला दाखवायची नाहीत आणि पहिले आठ आठवडे स्वतःही वाचायची नाहीत. त्या पानांत राग, रडगाणं, किराण्याची यादी सगळं एकत्र येतं. एका वाक्यावरून माणसाची परीक्षा करणं हा सरळ अन्याय आहे.

आठ आठवड्यांनंतर दोन रंगांची पेनं घेऊन बसा. पुन्हापुन्हा आलेल्या गोष्टीखाली लाल रेघ, करायच्या कामाखाली हिरवी. माझ्या वहीत लाल रेघ सारखी 'रात्री झोप नाही' याखालीच पडत गेली. मला सुटका हवी होती ती जागरणातून, सासूबाईंपासून नव्हे. हिरवी रेघ एकच: दीरांना आठवड्यातल्या दोन रात्री मागायच्या. मागितल्या. "बघू" म्हणाले, ते अजून बघतच आहेत.

रेघा मारलेलं तेवढं तारखेसह दुसऱ्या वहीत उतरवा आणि बाकीचं नष्ट करा. रद्दीत देऊ नका, ते पान गावातल्याच दुकानात पुडी बांधायला जातं. बंद वही जाळली तर कडा जळतात, मधली पानं जशीच्या तशी वाचता येतात. नुसती भिजवूनही भागत नाही. फाउंटन पेनची शाई पाण्यात पसरते, पण बॉलपेनची तेलकट असते, ती टिकते. म्हणून शिवण उसवून पानांचे बारीक तुकडे करा, रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी अक्षर दिसेनासं होईपर्यंत चुरा. हा लगदा भिजवलेल्या मेथीसोबत वाटून मी जुन्या सुपाला लिंपते.

वही कुलपात ठेवा. घरातल्यांवर विश्वास ठेवा, पण कुलपात ठेवा.

आणि जाऊबाई, हे तुमच्या वाचनात आलं तर तो फोटो मोबाइलमधून पुसून टाका, आणि सासूबाईंना ते पूर्ण पान वाचून दाखवलं नव्हतं, एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा.